पाचवं पेव

तुम्ही बांधलेली भिंत वाकडी का आहे, हे कुणी विचारलं आणि खरं कारण सांगितलं तर खोटे ठराल, खोटं सांगितलं तर खरे ठराल, तर तुम्ही काय सांगाल? उत्तर लगेच देऊ नका. मीही लगेच दिलं नव्हतं. आधी माझ्या अर्जाची हकिकत ऐका.

माझं घर उंब्रजच्या पलीकडचं. वडील ऊसवाले, चुलते पलटणीत. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, चळवळीची पत्रकं होती. धान्याच्या कणगीमागे, देवाच्या फळीवर, म्हशीच्या पेंडीच्या पोत्यात. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे वाक्याच्या शेवटी कुणाला तरी जाब विचारल्याशिवाय माझं वाक्य संपतच नाही. मुंबईला जाऊन आर्किटेक्टची पदविका घेतली तरी ही खोड गेली नाही. परत आलो तेव्हा लढाई संपली होती, पण सिमेंट परवान्यावर होतं, लोखंड मिळत नव्हतं आणि बांधकामं जवळजवळ बंद होती. आर्किटेक्ट म्हणजे नेमकं काय, हेही आमच्याकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं. "म्हंजे गवंड्याचा मुकादम का?" असं दाजींनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान, सांगलीत हळदीच्या अडतीत. मी त्यांच्याच घरी राहत होतो. त्यांनी माझ्यासाठी अडतीतच कारकुनाची जागा बघून ठेवली होती आणि रोज जेवताना तिची आठवण देत होते. अशात एक काम मिळालं. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका अडत्या शेठजींना वडिलांच्या स्मरणार्थ छोटं प्रसूतिगृह बांधायचं होतं. तोवर त्या भागातल्या बायकांना अडलं की बैलगाडीत घालून मिरजेला न्यावं लागे. मी ते बांधलं. माझ्या नावावर तेवढं एकच बांधकाम आहे.

त्यानंतर वर्षभर दुसरं काही मिळालं नाही. मग वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. मुंबईच्या एका आर्किटेक्ट कंपनीला मिरजेच्या रुग्णालयाच्या कामासाठी मदतनीस हवा होता. अर्जासोबत स्वतः बांधलेल्या एका इमारतीविषयी लिहायचं होतं: जागेच्या अडचणी कोणत्या होत्या, आणि तुम्ही कोणते निर्णय घेतले. एवढंच, आणि एका कागदात.

मी पहिला मसुदा लिहिला आणि इंग्रजीतला तो मजकूर अक्काला मराठीत वाचून दाखवला. ती भाकऱ्या थापत होती.

"ह्यो अर्ज हाय का पत्रक?" ती म्हणाली.

"का?"

"तू नोकरी मागतोयस, आन् त्यात साठेबाजांचा धिक्कार करतोयस. त्या मुंबैवाल्यानं काय करावं? तुला घ्यावं का घोषणा द्यावी?"

"पण ते खरं आहे."

"आसंल की. तुला नोकरी पायजे का शेठला तुरुंगात घालायचाय? दोन्ही एका कागदात मावत न्हाई."

धिक्कार कोणाचा, ते सांगायला हवं. त्यासाठी त्या जागेची जमीन समजून घ्यायला हवी.

सांगलीकडची हळद जमिनीखाली ठेवतात. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. वर तोंड माणूस उतरेल एवढंच, आणि खाली तीन-चार पुरुष खोल, घागरीसारखा फुगत गेलेला खड्डा, म्हणजे पेव. आतून वीट नाही, दगड नाही, नुसती माती. पण ती इतकी घट्ट आणि कोरडी की वर्षानुवर्षं ढळत नाही. आत पाला पसरून हळद ओततात, तोंडावर पाला, दगड आणि माती घालून बंद करतात. वरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, हवा कोंडलेली असते. आधी दिवा सोडून बघतात. दिवा विझला नाही तर माणूस उतरतो.

माझ्या जागेत अशी चार पेवं होती. ती शेठजींनी दाखवली होती आणि मी नकाशावर मांडली होती. पाचवं त्यांनी दाखवलं नाही. पायाचा चर खणताना, जिथे बाळंतपणाच्या खोलीचा कोपरा येणार होता, तिथे पहार सपाट दगडावर आपटली. दगड सरकवला तर खाली पाला, आणि पाल्याखाली हळद नव्हती. ज्वारी होती. त्या महिन्यात रेशनच्या दुकानापुढे बायका भल्या सकाळपासून पिशव्या घेऊन रांग लावत होत्या.

शेठजी आले आणि सरळ त्या दगडावरच बसले. जणू बसायलाच आले होते.

"जुनं पेव आहे," ते म्हणाले. "विसरूनच गेलो होतो."

"शेठजी, वरची ज्वारी नवी दिसते."

"तुम्ही इमारत बांधा, पंडित." शिकलेला म्हणून ते मला पंडित म्हणत. " शेती आम्ही बघतो."

मी संस्थानच्या कचेरीत तोंडी तक्रार केली. कचेरीतून उत्तर आलं नाही, आणि त्या ज्वारीचं पुढे काय झालं ते मला आजही नक्की माहीत नाही. पण भिंतीचा प्रश्न माझा होता. पेव रिकामं करायला त्यांनी साफ नकार दिला. रिकामं केलं असतं तरी तीन-चार पुरुष खोल खड्डा मातीने भरला की ती भर बरीच वर्षं बसत राहते, आणि तिच्यावरची भिंत तडकते. पेवावरून तुळई टाकून भिंत न्यायची तर लोखंड आणि सिमेंट हवं. मग मी इमारतच वाकवली.

अक्काचं मी ऐकलं. ज्वारी काढून टाकली. राहिलेला मजकूर मी इथे मराठीत देतो, कारण पुढे जे झालं ते याच्यावरून झालं.

"जागा लांबट आहे. पुढे रस्ता आणि एका बाजूला ओढा. कृष्णेला पूर आला की ओढ्याचं पाणी मागे फिरतं आणि जागेच्या खालच्या कोपऱ्यात शिरतं. शेजारच्या घराच्या भिंतीवर पुराची जुनी खूण आहे. जोतं तिच्याहून हातभर उंच धरलं. त्यामुळे पायऱ्या वाढल्या, म्हणून रुग्ण स्त्रीला चालवत किंवा उचलून नेता यावं यासाठी बाजूने दगडी उतार दिला. जागेच्या वरच्या भागात हळद साठवण्याची चार भूमिगत पेवं आहेत. म्हणजे खाली पाणी आणि वर पोकळी, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात इमारत बसवायची होती.

"मूळ आराखड्यात इमारत रस्त्याला समांतर, सरळ होती. पाया खणताना पाचवं पेव सापडलं. ते नकाशावर नव्हतं आणि वापरात होतं. मालक ते रिकामं करायला तयार नव्हते. त्याच्यावर भार देणं मला सुरक्षित वाटलं नाही. म्हणून बाळंतपणाच्या खोलीची बाजू मधूनच आत वळवली आणि पेवाचं तोंड मोकळ्या चौकात ठेवलं. तोंडाभोवती दगडी कठडा बांधला, चौकाचा उतार त्याच्यापासून उलट दिशेने दिला, कारण पेवात पाणी उतरलं तर माती भिजून ढळते.

"दोन बाजू तिरक्या जुळल्यामुळे कौलांच्या दोन उतारांमध्ये पन्हळ द्यावी लागली असती. त्यासाठी जस्ताचा पत्रा मिळाला नाही. म्हणून दोन्ही छपरं वेगळी ठेवून मधल्या बोळावर चुन्याचं सखल धाबं, म्हणजे सपाट छत, केलं. हे धाबं या इमारतीचा कच्चा भाग आहे. दर पावसाळ्याआधी डागडुजी लागेल. जुळणीवर एक त्रिकोणी खोली तयार झाली. तिथे खाट बसत नाही. कपडे आणि उकळलेली भांडी ठेवायला ती दिली आहे. परवान्यावर मिळालेलं सिमेंट फक्त बाळंतपणाच्या खोलीच्या जमिनीला वापरलं, कारण ती रोज धुवावी लागते. बाकी सगळं काम काळ्या दगडाचं, चुन्यात."

अर्ज पाठवला. त्या कंपनीचे थोरले भागीदार रुग्णालयाच्या कामासाठी मिरजेला यायचे होते. त्यांनी मला स्टेशनच्या उपाहारगृहात भेटायला बोलावलं. त्याआधी इमारत दाखवायला परवानगी मागावी म्हणून मी शेठजींकडे गेलो. ती माझी सभ्यता होती. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं.

त्यांनी अडकित्ता काढला आणि सुपारी कातरली.

"पेव कशाला घातलंत?"

"वाकण्याचं कारणच ते आहे."

"वाऱ्यासाठी वाकवली म्हणून लिहा. नदीचा वारा. बायकांना गार वाटावं म्हणून. किती चांगलं दिसेल."

"वारा येतो खरा," मी म्हणालो, "पण मी त्यासाठी वाकवली नाही."

"मग काय बिघडलं? येतो ना?"

"घडलं एक आणि सांगितलं दुसरं, असं मला लिहिता येत नाही."

शेठजी हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमच्यासारख्यांचं कठीण आहे बघा," ते म्हणाले. "स्वराज्य आलं की मग तरी जेवाल का?"

मिरजेला मी अक्काच्या दिराचा कोट घालून गेलो. भागीदार साठीचे, थकलेले, नीटनेटके गृहस्थ. माझा अर्ज त्यांच्यापुढे होता आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. धाब्याबद्दल मी स्वतःच लिहिलं होतं ते त्यांना आवडलं. उताराबद्दल दोन प्रश्न विचारले. मग बोट पेवावर ठेवलं.

"हे काय? विहीर?"

मी सांगितलं. त्यांनी खोली विचारली. मी सांगितली. आतून अस्तर कसलं, विचारलं. नाही म्हणालो.

"एवढा खोल खड्डा, नदीकाठची माती, आणि आधाराशिवाय उभा?"

"हो साहेब. पिढ्यान् पिढ्या."

त्यांनी चहात साखर घातली आणि ढवळत राहिले. "हे बघा," ते अगदी मऊपणे म्हणाले, "अर्ज करणारे तरुण कधी कधी आपलं काम रंगवतात. मी ते समजू शकतो."

घरच्या पत्रकांची सगळी वाक्यं तोंडाशी आली. मी गिळली आणि म्हणालो, "साहेब, सांगली इथून जवळ आहे. चौकात त्याचं तोंड आहे, कठडा आहे. डोळ्यांनी बघा."

ते उठले. मला वाटलं, जिंकलो. टांग्यात बसून आम्ही निघालो. वाटभर मी पेवांबद्दल बोलत होतो आणि ते उसाच्या गाड्या बघत होते.

प्रसूतिगृहाच्या चौकात आम्ही शिरलो आणि मला आधी कळेचना की काय चुकतंय. चौक मोठा वाटत होता. कठडा नव्हता. सगळीकडे नवी कोरी शहाबादी फरशी, सांध्यांतला चुना अजून पांढरा. ज्या जागी तोंड होतं तिथे दोन बायका पाय पसरून बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर मूल. आतल्या बाळंतिणीची माणसं असावीत. मी दिलेला उतारही राहिला नव्हता. फरशी सपाट होती, आणि आया बादलीने पाणी ओतून खराट्याने धूत होती.

शेठजी आधीच येऊन बसले होते. परवानगी मागताना दिवस मीच सांगितला होता. पाहुण्यांना त्यांनी हार घातला.

"पेव?" ते म्हणाले. "पेवं मागच्या अंगाला आहेत, चार. चौकात कसलं पेव? बाळंतिणीच्या चौकात पेव ठेवतं का कुणी?"

मी म्हणालो, "ही फरशी कधी बसवली ते तरी सांगा."

"चिखल होतो म्हणून बायकांनीच सांगितलं. काय गं?"

आयाने खराटा आणखी जोरात चालवला. तिचा पगार शेठजी देतात.

"एक फरशी उचलू द्या," मी म्हणालो. "एकच. मी परत बसवून देतो."

"आत दोघीजणी आहेत, एक कालची," शेठजी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले. "त्यांच्या उशाशी पहारी चालवायच्या? साहेब, तुम्हीच सांगा."

मी साहेबांना मागे नेऊन खरी चार पेवं दाखवली. एक त्या आठवड्यात फोडलं होतं, त्यात हमाल उतरले होते. भागीदारांनी वाकून आत बघितलं, बराच वेळ. असली वस्तू जगात असते, एवढं त्यांना पटलं. पण मी ज्या पेवासाठी इमारत वाकवली ते पेव तिथे नव्हतं, आणि या चारांवरूनच मला पाचवं सुचलं असेल, असंच ती बघून कुणालाही वाटलं असतं.

परत येऊन ते तिरक्या बाजूच्या पडवीत उभे राहिले. नदीकडून खरोखरच छान वारा येत होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"हा कोन चांगला आहे," ते म्हणाले. "सरळ इमारतीत हा वारा मिळाला नसता. मी तुम्हाला एकदाच विचारतो. ही बाजू तुम्ही वाऱ्यासाठी वळवलीत का?"

"वाऱ्यासाठीच," शेठजी मागून म्हणाले. "पहिल्यापासून तेच म्हणत होते."

मला माहीत होतं की 'हो' म्हणालो तर नोकरी माझी. भागीदार मला दार उघडून देत होते, वाईट बुद्धीने नव्हे, दयेने. मला दाजींची अडत दिसली, तिथला बैठा कट्टा दिसला, हळदीने पिवळे झालेले हात दिसले आणि मी पुन्हा कधीही रेघ मारणार नाही हेही दिसलं. आणि समोर त्या बायका दिसत होत्या, धुतलेल्या फरशीवर बसलेल्या. फरशीच्या सांध्यांतून पाणी खाली जात होतं. ज्वारी काढून पेव रिकामं केलं असेल आणि त्याच्या गळ्यात रोज बादलीभर पाणी मुरलं तर तो गळा किती दिवस धरेल, ते मला सांगता येत नव्हतं. मी 'हो' म्हणालो तर ते विचारण्याचा हक्कच माझा जाणार होता.

"नाही," मी म्हणालो. "पेवासाठी वळवली. वारा आपोआप आला."

भागीदारांनी टोपी घातली. टांग्यापाशी ते थांबले. "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "मला दिसलं नाही, एवढंच म्हणतो. रुग्णालयाच्या कामावर मला असा माणूस हवा ज्याचा शब्द मला तपासावा लागणार नाही. पुढच्या महिन्यात मी परत येतोय. तोवर जागा भरत नाही. कुणी पाहिलं असेल तर आणा."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. दाजी म्हणाले, "हो म्हणायला काय पैसं पडत व्हतं?" आणि उठून गेले. ताट वाढून अक्का समोर बसली, आणि मी जेवत नाही हे बघून म्हणाली, "खा. उपाशी माणसाचं कुनी खरं मानत न्हाई."

त्यानंतर मी गवंड्यांकडे गेलो. ते आता शेठजींच्या गोदामाच्या कामावर आहेत. "आमी न्हाई म्हनत न्हाई," त्यांतला एक म्हणाला, "पर सही मागू नगा, दादा. पोरंबाळं हायती." मी त्याला दोष देत नाही. संस्थानच्या कचेरीत गेलो. तिथे म्हणाले, मालक पेव नाही म्हणतो, तर तुम्ही कोण? मागच्या चार पेवांपैकी फोडलेलं पेव मी, दिवा सोडून, स्वतः उतरून मोजलं आणि त्याचा उभा छेद काढून मुंबईला पाठवला. खाली स्पष्ट लिहिलं की हे पेव ते नव्हे. उत्तर आलेलं नाही. महिना सरत आलाय. अडतीतली जागा दाजींनी अजून धरून ठेवली आहे आणि मी रोज सकाळी उठून ती धरू नका असं म्हणायचं धाडस गोळा करतो. कधी कधी होत नाही.

शेठजींशी माझं वैर नाही. ती इमारत त्यांनी बांधवली म्हणून आज मिरजेच्या रस्त्याने अडलेल्या बायकांच्या गाड्या कमी जातात, हे मी कुणापुढेही सांगेन. पण फरशी बसवली म्हणून जमिनीतलं पेव बुजत नाही.

म्हणून, सांगली-मिरजेच्या वाचकांनो, ज्यांच्या घरची लेक-सून त्या प्रसूतिगृहात गेल्या वर्षात बाळंत झाली, तुमच्याकडे मागणं आहे. फरशी बसण्याआधी चौकात कठडा होता, मध्ये दगड होता, तुम्ही त्यावर टेकला असाल, पान खाल्लं असेल, पोराचं नाव ठरवलं असेल. ते तुम्ही पाहिलं, एवढं दोन ओळींत लिहा. सही करा, सही येत नसेल तर अंगठा करा. तो कागद माझ्या अक्काकडे, हळदीच्या बाजारामागच्या गल्लीत, आणून द्या. आणि तुमचं कुणी आत्ता तिथे असेल तर आजच जा, चौकाच्या मध्यावर बसलेल्यांना उठवून पडवीत बसवा, आणि आयाला सांगा की तिथे पाणी ओतू नकोस.